तीन महिने नव्हे, बारा डबे

तेलाचे भाव चढले की छोटा दुकानदार आपल्या घाऊक व्यापाऱ्याला एक पत्र लिहितो. हल्ली ते मोबाइलवरच जातं. मजकूर ठरलेला असतो : ‘शेठ, आपले जुने संबंध आहेत. अजून दोन-तीन महिने जुन्याच भावाने माल द्यावा.’ या पत्राबद्दल बाजारात दोन मतं आहेत. एक म्हणतं, ही भीक आहे. भाव चढला की चढला. दुसरं म्हणतं, इतकी वर्षं माल उचलला, तेव्हा हा दुकानदाराचा हक्कच आहे. माझ्या मते दोन्ही चूक आहेत. पत्र जरूर लिहावं, पण त्यातली मागणी बदलली पाहिजे.

मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या पडघ्यात एक फरसाणाचं दुकान आहे असं समजू. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या गोदामांतले कामगार आणि पाड्यांवरची कुटुंबं. दुकानाला महिन्याला पामतेलाचे पंधरा किलोचे वीस डबे लागतात. दिवाळीसाठी गोदामांतल्या ऑफिसांकडून चारशे किलो फरसाणाच्या ऑर्डरी ठरलेल्या भावाने घेऊन झाल्या आहेत. अशात डबा १५०० वरून १८०० रुपयांवर गेला. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, पण प्रसंग काल्पनिक नाही. १४ सप्टेंबर २०२४ रोजी, ऐन गणपतीत, केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयातशुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेलं. रिफाइंड तेलावरचं १३.७५ वरून ३५.७५ झालं. देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे त्याचा चटका गावोगावच्या कढईपर्यंत पोचला.

आता ‘तीन महिने जुना भाव’ ही मागणी व्यापाऱ्याच्या बाजूने पाहा. तीन महिन्यांचे साठ डबे. त्याला डब्यामागे तीस रुपये सुटतात असं धरू. या दुकानाच्या वाट्याचे वीस डबे जुन्या खरेदीचे, त्याच्या गोदामात आहेत. उरलेले चाळीस त्याला १७७० ला घेऊन १५०० ला द्यावे लागतील. डब्यामागे २७० रुपये, म्हणजे १०,८०० रुपये त्याच्या खिशातून गेले. साठ डब्यांवर त्याला एरवी मिळणारा सगळा नफा १,८०० रुपयांचा. जुन्या संबंधांचा कितीही दाखला दिला तरी हा आकडा बदलत नाही. ‘हक्क’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडलेलाच नसतो. व्यापारी गोड बोलतो, ‘बघतो’ म्हणतो आणि पुढच्या खेपेला डबे कमी पाठवतो. नकार कळतो तो तेव्हा.

पण म्हणून पहिलं मत बरोबर ठरत नाही. ‘चढला की चढला’ म्हणणाऱ्या व्यापाऱ्याचा मुद्दा असा : जुन्या भावाचे शंभर डबे मी जुन्याच भावाने विकले, तर हाती दीड लाख येतात आणि त्यात आता फक्त चौऱ्याऐंशी डबे येतात, माझं भांडवलच आटतं. हे खरं आहे आणि दुकानदाराने ते समजून घ्यायला हवं. अडचण पुढे आहे. ३० मे २०२५ रोजी सरकारने कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क २७.५ वरून १६.५ टक्क्यांवर आणलं. असा भाव उतरण्याची बातमी आली की हाच व्यापारी सांगतो, ‘माझ्याकडे चढ्या भावाचा माल पडून आहे, तो संपू दे.’ भाव चढताना पुढच्या खरेदीचा हिशेब आणि उतरताना मागच्या खरेदीचा! दोन्ही वेळी तोटा दुकानदाराच्या गळ्यात. याला व्यवहार म्हणायला मी तयार नाही. दोन्हींपैकी कुठलाही एक नियम धरा, पण भाव चढताना जो धरला तोच उतरताना पाळा.

जुन्या साठ्याला जुना भाव हा विचार अव्यवहार्य आहे असंही कोणी म्हणू नये. त्याच सप्टेंबरात, शुल्क वाढवल्यानंतर तीन दिवसांनी, केंद्राच्या अन्न विभागाने तेल उद्योगाच्या संघटनांना बोलावून नेमकं हेच सांगितलं होतं : कमी शुल्काने आयात झालेला साठा संपेपर्यंत छापील किंमत वाढवू नका. असा साठा सुमारे ३० लाख टन, म्हणजे ४५ ते ५० दिवस पुरेल इतका असल्याचं सरकारने म्हटलं होतं. ती सूचना होती, सक्ती नव्हे. पण त्यातलं तत्त्व घेण्यासारखं आहे : सवलत किती महिने हे न ठरवता किती मालावर हे ठरवायचं.

मग दुकानदाराने किती डबे मागावेत? किलोभर शेवेत साधारण तिसरा हिस्सा तेल उतरतं असं धरलं, तर किलोमागे तेल वीस रुपयांनी वाढलं की शेवेचा खर्च सात रुपयांच्या आसपास वाढतो. रोजच्या विक्रीत हे सात रुपये गिऱ्हाइकाकडून घेता येतात, घ्यावेतही. त्यासाठी कोणापुढे हात पसरायची गरज नाही. खरी कोंडी आहे ती ठरलेल्या भावाच्या चारशे किलोंची, कारण तिथे शब्द दिलेला आहे. त्यांना सुमारे १३३ किलो, म्हणजे नऊ डबे तेल लागेल. कढईत जळणारं आणि टाकून द्यावं लागणारं धरून बारा. साठ डब्यांची मागणी बारावर आली. हे बाराही व्यापाऱ्याच्या गोदामात जुन्या खरेदीचे आहेत, तेव्हा खिशातून घालायची वेळ त्याच्यावर येत नाही. वाढीव भावाचे ३,६०० रुपये तो सोडतो, एवढंच.

पत्र मग असं होतं :

‘शेठ, सप्रेम नमस्कार. भाव वाढल्याचं कळलं. दिवाळीच्या ऑर्डरी मी आधीच्या भावाने घेतल्या आहेत. तेवढ्यापुरते बारा डबे आपल्याकडच्या जुन्या साठ्यातून १५०० च्या भावाने राखून ठेवावेत. पूर्ण १८,००० रुपये आज पाठवतो, उधारी नको. डबे दिवाळीच्या आठ दिवस आधीपर्यंत उचलीन. बाकीचा माल नव्या भावाने नेहमीसारखा घेईन. पुढे भाव उतरला, तर आपल्याकडच्या चढ्या साठ्यातले बारा डबे मी चढ्या भावानेच उचलीन. मान्य असल्यास तसं लिहून कळवावं.’

यातलं पैसे पाठवणारं वाक्य केवळ सौजन्याचं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार मोबदल्याशिवाय दिलेलं वचन सहसा बंधनकारक ठरत नाही, आणि प्रस्ताव स्वीकारला जाईपर्यंत मागे घेता येतो. ‘राखून ठेवतो’ असं तोंडी ऐकून घरी आलेल्या दुकानदाराच्या हाती काहीच नसतं. पैसे भरून डब्यांची संख्या, भाव आणि तारीख लेखी घेतली की सौदा होतो.

भाव उतरल्यावर चढा माल उचलण्याचं कलम अनेक दुकानदारांना खटकेल. उतार डब्यामागे दीडशेचा असेल, तर बारा डब्यांवर १,८०० रुपये आपल्याला सोसावे लागतील. घेतलेल्या सवलतीच्या निम्मे. ते सोसावेत. त्या कलमाशिवाय आपणही व्यापाऱ्यासारखेच, सोयीचा नियम धरणारे ठरतो.

या पत्राची मुदत मात्र फार छोटी असते. व्यापाऱ्याचा नवा माल उतरला की जुना साठा कोणता हे सांगता येत नाही आणि मागणीचा आधारच जातो. म्हणून पडघ्यातल्या, वाशिंदमधल्या, शहापुरातल्या माझ्या दुकानदार बंधुभगिनींना विनंती आहे : शुल्क वाढल्याची बातमी आली की त्याच संध्याकाळी ऑर्डरींची वही उघडा, डबे मोजा आणि रात्री दुकान बंद करण्याआधी पत्र पाठवा.