आकडा छापा, पण पल्ल्यासकट



समीक्षा न झालेल्या अभ्यासांची बातमी छापूच नये, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. एप्रिल २०२०मधला कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीचा अभ्यास घ्या. नोंदींपेक्षा ५० ते ८५ पट लोकांना कोविड होऊन गेला, असे मथळे झळकले. मूळ मसुद्यात काय होते? ३,३३० जणांपैकी ५० जणांत प्रतिपिंडे सापडली, म्हणजे दीड टक्का. चाचणी चुकून ‘आहे’ म्हणण्याचे प्रमाण अर्धा टक्का धरले होते. पण त्याच मसुद्यानुसार ते १.७ टक्क्यांपर्यंत असू शकत होते. तसे असेल, तर पन्नासच्या पन्नास खोटे पॉझिटिव्ह! शिवाय माणसे फेसबुकच्या जाहिरातीतून जमवलेली. आधी खोकून-तापून गेलेलेच अशा ठिकाणी लगबगीने येणार.

हे सारे मसुद्यात उघड होते. महिनाअखेरीस लेखकांनीच काउंटीत लागण झालेल्यांच्या प्रमाणाचा अंदाज सुधारला: २.८ टक्के, पल्ला १.३ ते ४.७. बातमीदाराने पहिल्या दिवशी एका त्रयस्थ संख्याशास्त्रज्ञाला फोन केला असता, तर बातमी छापूनही टिकली असती. मथळा मात्र एवढा चमचमीत झाला नसता.

— एक वाचक, पुणे