नवी घसरगुंडी नको, आधी फाटक आणि जमीन बघा

आमच्या मोहल्ल्यातल्या बालोद्यानासाठी पुन्हा निधी मंजूर झाला आहे आणि त्यातून प्लास्टिकचा रंगीत 'मल्टिप्ले' सेट येणार, असं ऐकतो. घसरगुंडी, बोगदा, वर टोपीसारखं छत. फोटोत छान दिसतो. माझं म्हणणं एवढंच की हा पैसा सेटवर घालू नये. का, ते सांगण्याआधी आम्ही काय केलं ते सांगतो.

गेल्या महिन्यात आम्ही चौघांनी या बागेचं ऑडिट केलं. मी, मोहल्ल्यातले एक वेल्डरभाई, बालवाडीत शिकवणाऱ्या एक आपा आणि एक अम्मी. या अम्मींच्या सहा वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे आणि ती व्हीलचेअर वापरते. साहित्य म्हणजे मोजमापाची टेप, जाड पुठ्ठा, कात्री आणि एक ओढणी.

फाटकाशीच दीड तास गेला. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून तिथे लोखंडी पाइपांची नागमोडी वाट केली आहे. वाटेची रुंदी भरली २१ इंच. साधी व्हीलचेअर २५ ते २७ इंच असते. म्हणजे बागेत काय आहे नि काय नाही हा प्रश्नच या मुलीसाठी निघत नाही, ती बाहेरच राहते. शेजारी मोठं फाटक आहे, पण त्याला कुलूप असतं आणि किल्ली वॉचमनकडे. वॉचमन संध्याकाळी सहाला येतो.

आता 'वाट रुंद करा' म्हटलं की लगेच उत्तर येतं, मग मोटारसायकली आत येतील. गंमत अशी की साध्या मोटारसायकलचं हँडलही २७-२८ इंचांचंच असतं. रुंदीच्या चाळणीने दुचाकी आणि व्हीलचेअर वेगळ्या काढता येतच नाहीत. फरक आहे तो लांबीत. व्हीलचेअर पाच फुटांच्या मोकळ्या चौकात जागच्या जागी वळते, साडेसहा फुटांची मोटारसायकल वळत नाही. म्हणून वाट तीन फूट रुंद ठेवायची आणि दोन वळणांमध्ये पाच बाय पाच फुटांची जागा सोडायची. कुणी गाडी उतरून, मागेपुढे करत, ढकलत आत नेऊ शकेल, पण भरधाव चालवत नेणार नाही. तेवढं चालेल. लहान मुलांना धोका वेगाचा असतो.

आत गेल्यावर पाहिली घसरगुंडी. वरचा चौथरा साडेपाच फूट उंच, खाली पेव्हर ब्लॉक. बागेतल्या गंभीर दुखापती बहुतेक पडण्याने होतात आणि पडल्यावर काय होणार हे खालची जमीन ठरवते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची या विषयावर एक पुस्तिका आहे. तिच्यानुसार नऊ इंच वाळूचा थर चार फुटांपर्यंतच्या पडण्याला पुरतो. खेळण्याच्या भोवती सगळीकडून सहा फूट जागा तशी मऊ हवी. आमच्याकडे पेव्हरवर इंचभर जाडीची हिरवी रबरी चटई टाकून 'सेफ्टी फ्लोअरिंग' झालं म्हणतात. ती पायाला मऊ लागते, एवढंच. रबरी टाइल कितीही चांगली दिसली तरी ती किती उंचीवरून पडण्यासाठी तपासली आहे, याचा कागद ठेकेदाराकडून मागितला पाहिजे.

वाळूची अडचण अम्मींनी लगेच सांगितली. वाळूत चाक रुततं. इथेच लोक सुरक्षितता आणि दिव्यांगांची सोय यांत भांडण लावून देतात. दोन्हींना एकच जमीन द्यायला कुणी सांगितलं? घसरगुंडी आणि चढायच्या खेळण्यांखाली वाळू टाका. फाटकापासून वाळूच्या कडेपर्यंत चार फूट रुंदीची सपाट, पक्की वाट करा. एका झोक्याखाली तपासलेल्या रबरी टाइल घाला आणि त्या झोक्याला पाठ व पट्टा असलेली बैठक लावा. वाळूला मात्र रोजचं काम असतं. घसरगुंडीच्या तोंडाशी आणि झोक्याखाली मुलांच्या पायांनी ती बाजूला उडते. तिथेच पट्टी खुपसून खोली बघायची, कडेला नाही.

आणि साडेपाच फुटांना नऊ इंच वाळू पुरत नाही, त्याचं काय? मला वाटतं उंच चौथराच काढून टाकावा. मातीचा चार फुटांचा टेकाड घालून त्याच्या उतारावर घसरगुंडी बसवता येते. मग पडायला उंची उरतच नाही. बाजूने वळसा घेणारा, बारा फुटांत एक फूट चढणारा रस्ता केला तर व्हीलचेअरही वर जाते. त्याला ४८ फूट लांबी लागते, अधूनमधून विसाव्याची सपाट जागा वेगळी. आमच्या बागेत एवढी जागा आहे. आज तिथे कारंजं आहे, बंद पडलेलं.

कठड्याची तपासणी घरीही करता येईल अशी आहे. साडेतीन ते नऊ इंचांची फट लहान मुलाला धोकादायक असते. मूल पाय आधी घालतं, धड सरकतं आणि डोकं अडकून अंग खाली लोंबतं. पुठ्ठ्याचा साडेतीन बाय सहा पूर्णांक दोन इंचांचा आयत आणि नऊ इंच व्यासाचं वर्तुळ कापा. आयत फटीतून गेला तर वर्तुळही गेलं पाहिजे. आमच्या कठड्यात गजांमधलं अंतर पाच इंच निघालं. आयत गेला, वर्तुळ अडलं. वेल्डरभाई म्हणाले, "मधे एकेक गज उभा घालू, अर्ध्या दिवसाचं काम आहे." उभाच, आडवा नाही. आडव्या गजांवर पोरं चढतात.

ओढणी कशाला, असं आपांनी विचारलं होतं. मकतब सुटल्यावर मुली थेट बागेत येतात, गळ्यात ओढणी किंवा स्कार्फ असतो. मुलांच्या गळ्यात ताविजाचा दोरा असतो. घसरगुंडीच्या माथ्यावर पत्रा आणि खांब यांच्यात बोटभर फट होती. ओढणीच्या टोकाला गाठ मारून ती वरून खाली ओढली, तर तिसऱ्या वेळी गाठ फटीत घट्ट बसली. घसरत्या मुलाच्या गळ्याला हाच फास बसतो. युरोपच्या मानकात हीच चाचणी साखळीला छोटी खुंटी बांधून करतात. फट बुजवणं हे पहिल्या दिवसाचं काम. तोपर्यंत आपांनी एक नियम केला आहे. ओढणी आणि तावीज बाकावर ठेवायचे, मग चढायचं. काही आयांना तावीज काढणं रुचलं नाही. तेव्हा आपांनी तो दंडाला बांधून दिला.

झोक्याबद्दल एकच सांगतो. आडवी दांडी आठ फुटांवर आहे, म्हणजे पुढे आणि मागे सोळा-सोळा फूट मोकळे हवेत. मागे सात फुटांवर भिंत आहे आणि पुढून बागेची मुख्य पायवाट जाते. ज्या मुलाला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याला झोका येतोय हे कळणार कसं? झोके कोपऱ्यात हलवायला हवेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक सेवांच्या व्याख्येत करमणुकीच्या सेवाही धरल्या आहेत. त्यामुळे फाटकाची मागणी करताना हात जोडायची गरज नाही.

आमची यादी अभियंत्यांकडे दिली आहे, क्रमाने: माथ्यावरची फट, कठड्याचे गज, फाटक, झोके, मग जमीन आणि टेकाड. पहिल्या दोन कामांना निविदाही लागणार नाही. 'सेट आल्यावर बघू,' असं तोंडी उत्तर मिळालं. ते लेखी द्या, असा अर्ज सोमवारी टाकतो आहे. सोबत पाच इंचांच्या फटीत अडलेल्या पुठ्ठ्याचा फोटो जोडला आहे.