पेटीतला कागद

कागद एकदा मिळाला की कायमचा, अशी आमच्या घरची समजूत. जुलै २०२५मध्ये धाकट्या भावाच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी कागदपत्रे तपासून घ्यायला मी केंद्रावर गेलो. जातीचा दाखला होता, जात वैधता प्रमाणपत्रही होते. नॉन-क्रिमिलेअरवर बोट ठेवून लिपिक म्हणाले, "मुदत मार्चलाच संपली. ३१ मार्च २०२६पर्यंतचे हवे." नव्यासाठी अर्जही केलेला नव्हता. भाऊ इतर मागासवर्गातून खुल्या गटात गेला. जवळचे कॉलेज हुकले.

जात बदलत नाही, उत्पन्न बदलते. म्हणून या दाखल्याला मुदत. मार्च उलटताच सेतू केंद्रात अर्ज टाकून पावती जपावी, हे शिकलेल्या घरांना ठाऊक असते. आम्हांला कोणी सांगायचे? बारावीच्या वर्गात जानेवारीतच प्रत्येकाचे दाखले मागवून तारखा बघाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.