‘बकवास कोड’ म्हणजे नेमकं काय?

थर्ड इयरचा मिनी प्रोजेक्ट आला की कोड रिव्ह्यू आलाच. एकाने कोड लिहायचा, दुसऱ्याने तो वाचून ओळीखाली कॉमेंट टाकायची, आणि मगच तो मेन ब्रँचमध्ये घ्यायचा. कल्पना छान आहे. पण त्या कॉमेंट्स वाचल्यात कधी? ‘बकवास कोड.’ ‘हे काय आहे??’ ‘एसक्यूएल कुठे शिकलास रे?’ कोणी नाराज झालंच, तर उत्तर ठरलेलं: ‘इंडस्ट्रीत कोण गोड बोलणार आहे तुझ्याशी?’

मित्रहो, गोड बोलण्याचं राहू द्या बाजूला. मला ‘बकवास कोड’ ही कॉमेंट खटकते ती अर्धवट असते म्हणून. रिव्ह्यू करणाऱ्याला जे दिसलं, ते कोड लिहिणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, होस्टेलच्या मेस बिलाचं छोटंसं सॉफ्टवेअर आहे, पायथन आणि एसक्यूलाइटमधलं. नाव टाइप केलं की त्या विद्यार्थ्याची माहिती दिसते. कोड असा:

```python
q = "SELECT * FROM students WHERE name = '" + name + "'"
cur.execute(q)
```

त्याखाली कॉमेंट: ‘एसक्यूएल इंजेक्शन माहीत नाही का तुला? बकवास.’

आता गंमत बघा. कॉमेंट टाकणाऱ्याचं शंभर टक्के बरोबर आहे! चूक खरी आहे आणि मोठीही आहे. पण ज्याला ती दुरुस्त करायची, त्याच्या हातात काय पडलं? एक भारी शब्द आणि एक शिवी. बिचारा काय करेल? नावातली अवतरणचिन्हं काढून टाकणारी एखादी ओळ घुसवेल आणि ‘डन’ म्हणून परत पाठवेल. मग दुसरी शिवी. असं तीन वेळा झालं की रात्रीचे दोन वाजतात आणि चूक तिथेच.

ही कॉमेंट नव्याने लिहायची तर मी चार गोष्टी करेन. पहिली, वाक्याचा कर्ता बदलायचा: ‘तू’ काढायचा, ‘ही ओळ’ आणायची. दुसरी, कुठल्या इनपुटला काय बिघडतं ते दाखवायचं. तिसरी, पुढचा रस्ता सांगायचा. चौथी, हे आत्ताच करायला हवं की नंतर चालेल, ते स्पष्ट लिहायचं. दुसरीसाठी मात्र रिव्ह्यू करणाऱ्याला स्वतः कोड चालवून बघावा लागतो. म्हणूनच बहुतेक जण ‘बकवास’वर भागवतात, असा माझा संशय आहे!

चालवून बघू. नावाच्या जागी `D'Souza` टाका. आपल्याकडे वसईत, गोव्यात हे आडनाव घरोघरी सापडेल, म्हणजे हा काही ओढूनताणून आणलेला इनपुट नाही. त्या नावातल्या चिन्हाशी स्ट्रिंग संपते, उरलेलं `Souza` उघड्यावर पडतं, आणि प्रोग्रॅम `near "Souza": syntax error` म्हणून थांबतो. आता कोणी खोडसाळपणे `' OR '1'='1` टाइप केलं तर? अट प्रत्येक ओळीला खरी ठरते आणि सगळ्या होस्टेलची माहिती स्क्रीनवर येते. आता नवी कॉमेंट लिहिता येईल:

‘ही क्वेरी नाव थेट जोडून बनते आहे. `D'Souza` टाकल्यावर ती सिंटॅक्स एररने थांबते, आणि `' OR '1'='1` टाकल्यावर सगळ्यांच्या नोंदी दाखवते. नाव वेगळं पाठवलं तर दोन्ही प्रश्न सुटतात, खाली लिहिलंय. `name` नंतरचा स्वल्पविराम विसरू नकोस, त्याशिवाय टपल बनत नाही. मर्ज करण्याआधी हे व्हायला हवं.’

```python
cur.execute("SELECT * FROM students WHERE name = ?", (name,))
```

स्वल्पविरामाचं का लिहिलं? तो नसेल तर पायथन `D'Souza` ही अख्खी स्ट्रिंगच यादी समजतो आणि ‘हवी होती एक व्हॅल्यू, मिळाल्या सात’ अशा अर्थाची एरर देतो, कारण त्यात सात अक्षरं आहेत. पहिल्यांदा बघणारा चक्रावतोच. हे आधीच सांगून ठेवणं म्हणजे माझ्या मते आदर. ‘प्लीज’ दहा वेळा लिहिण्यापेक्षा समोरच्याचा अर्धा तास वाचवणं जास्त सभ्यपणाचं!

या नव्या कॉमेंटमध्ये कुठेही स्तुती नाही, चूक लहान करून दाखवलेली नाही. उलट ‘मर्ज करण्याआधी’ हे जुन्या कॉमेंटपेक्षा कडक आहे. कारण उलटं टोकही मी पाहिलंय: ‘छान आहे, पण जमलं तर कदाचित क्वेरी एकदा बघशील का?’ वाचणारा म्हणतो, नाही जमलं! आणि छेद असलेला कोड गोड शब्दांत आत जातो. म्हणून महत्त्व सांगणं सोडू नये. गूगलने आपल्या इंजिनिअर्ससाठीचा रिव्ह्यू गाइड सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. त्यात किरकोळ सूचनेआधी `Nit:` लिहायची सोय आहे, म्हणजे ‘केलंस तर बरं, नाही केलंस तरी अडणार नाही’. त्याच मेस प्रोजेक्टमधली ‘नावं काय ठेवलीस ही, `temp2`?’ ही कॉमेंट मग अशी होते: ‘`Nit:` `temp2` मध्ये रिबेट वजा केलेलं बिल आहे, `bill_after_rebate` म्हटलं तर पुढची ओळ लगेच कळेल.’ भांडण संपलं.

‘का’ या शब्दाबद्दलही एक सांगायचंय. मी कॉन्व्हेंटची, रिव्ह्यू इंग्लिशमध्ये लिहायची सवय. पण मराठीत ‘असं का केलंस?’ हे ऐकायला प्रश्न असतो आणि असते झापणी, हे घरी आईकडून सगळेच शिकलोय! खरंच विचारायचं असेल तर आपला अंदाज सोबत द्यावा: ‘इथे लूपच्या आत दर वेळी कनेक्शन उघडतंय. मला ते बाहेर नेता येईल असं वाटतं, काही अडचण आहे का?’ आता समोरच्याला उत्तर देता येतं, आणि कधीकधी आपलाच अंदाज चुकीचा निघतो.

यावर सीनियर्सचा लाडका दाखला म्हणजे लिनस टोरवाल्ड्स. लिनक्सवाला एवढा शिव्या द्यायचा, तरी कर्नल झालाच ना? हो, झाला. पण गोष्ट अर्धीच सांगतात. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने आपल्या ईमेल्समधल्या वैयक्तिक हल्ल्यांबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामातून रजा घेतली. ऑक्टोबरमध्ये परत आल्यावरही नको तो कोड तो नाकारतच राहिला. म्हणजे कोड नाकारायला शिव्या लागत नाहीत.

या पद्धतीला मर्यादा आहेत. वेळ लागतो, पन्नास ओळींखाली पन्नास निबंध कोणी लिहू शकत नाही. तीच चूक दहा ठिकाणी असेल तर एकदा नीट लिहा आणि ‘बाकी ठिकाणीही हेच’ म्हणा. आणि कोडचा आराखडाच चुकला असेल तर ओळींखाली लिहीत बसू नका, त्याच्या रूमवर जा, कागद-पेन घेऊन बसा.

कॉमेंट जमली की नाही, हे ओळखायची माझी साधी खूण आहे: तिच्याखाली आलेलं पहिलं उत्तर. ते ‘म्हणजे?’ असेल तर कॉमेंट पुन्हा लिहा. ते नुसतं ‘केलं’ असेल आणि `D'Souza`चं बिल खरंच दिसत असेल, तर मर्जचं बटण दाबा आणि झोपायला जा!