सातवे खाते अडले तरी

एकाच सिंकमधून अनेक खात्यांची माहिती आणताना चूक पकडण्याची सोय लूपच्या आत, प्रत्येक खात्याभोवती असावी लागते. समजा, मोरव्यातल्या चाळीस दुकानांचे हिशेब रात्री ओळीने ओढले जातात आणि सातव्याचा पासवर्ड बदललेला आहे. ही सोय लूपबाहेर असेल, तर उरलेली तेहतीस खाती तशीच राहतात. आत असेल, तर सातव्याची चूक नोंदवून प्रोग्राम आठव्याकडे वळतो. कुठवर आणले याची खूणही प्रत्येक खात्याची वेगळी हवी. सामाईक खूण पुढे सरकली, की सातव्याच्या त्या रात्रीच्या नोंदी कायमच्या सुटतात, आणि हे नुकसान जास्त घातक, कारण ते दिसत नाही. उत्तरच न देणारे खाते चूकही दाखवत नाही, म्हणून प्रत्येकाला वेळेची मर्यादा घालावी लागते. चाळीसही खाती एकदम पडली, तर मात्र दोष आधी सिंकच्या बाजूला शोधावा.