कापड किती आटेल, ते आधी तुकड्याला विचारा

रमजान जवळ आला की घरोघरी कुर्ता-पायजम्याच्या कापडाची खरेदी सुरू होते. वडील आणि दोन मुलगे यांना एकाच ताग्यातलं पांढरं सुती कापड घ्यायचं, ही अनेक घरांतली पद्धत. शिंपीदादा १२ मीटर सांगतात, आपण १२ मीटर आणतो, ईदला कुर्ते छान बसतात. दोन-तीन धुण्यांनंतर मात्र बाह्या मनगटावरून वर सरकलेल्या असतात. म्हणून कापड आधी धुवून मग शिवायला द्यावं, असं आम्ही नेहमी सांगतो. पण धुतल्यावर १२ मीटर हातात राहायला हवेत, तर दुकानातून किती आणायचं? अंदाजाने अर्धा मीटर जास्त घेतला तर तो कधी उरतो, कधी कमी पडतो. त्यापेक्षा एक छोटा तुकडा धुवून बघावा.

ज्या ताग्यातून कापड घ्यायचं, त्यातलंच पाव मीटर आधी आणा आणि तागा दोन दिवस बाजूला ठेवायला सांगा. दुसरा तागा तसाच दिसला तरी तेवढाच आटेल असं नाही. तुकडा काठापासून चार बोटं आत घ्या, कारण काठाची वीण घट्ट असते आणि ती वेगळी वागते. कडा उसवू नयेत म्हणून टाके घाला. मग आत रंगीत दोऱ्याने २० सेंटीमीटर लांबी-रुंदीचा चौकोन खुणावून घ्या. काठाला समांतर असलेली बाजू ती लांबी, तिथे वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, नाहीतर धुतल्यावर कोणती बाजू कोणती तेच कळत नाही. चौकोन याहून लहान नको. मोजताना एक मिलिमीटर चुकला तर २० सेंटीमीटरच्या चौकोनात १२ मीटरमागे ६ सेंटीमीटरचा फरक पडतो, १० सेंटीमीटरच्या चौकोनात १२.

आता हा तुकडा कुर्ता जसा धुणार तसाच धुवा. घरी मशीन आणि गरम पाणी वापरत असाल तर तेच. नुसता पाण्यात बुडवून काढला तर आकडा कमी येतो. वाळवा, इस्त्री नुसती दाबा, ओढू नका, आणि मोजा. मग पुन्हा एकदा धुवा, कारण सगळं आटणं पहिल्या पाण्यात संपत नाही.

समजा लांबी पहिल्या धुण्यानंतर १८.८ आणि दुसऱ्यानंतर १८.६ सेंटीमीटर भरली, आणि रुंदी १९.६. रुंदीपेक्षा लांबी जास्त आटते, कारण विणताना आणि पुढच्या प्रक्रियेत ताण्याचे दोरे ओढलेले असतात; पाणी लागलं की ते सैल होऊन आखडतात. हिशेब सोपा आहे. हवी असलेली लांबी गुणिले २०, भागिले १८.६. बारा मीटरला १२.९ येतात, म्हणजे १३ मीटर घ्या. टक्केवारीत हे आटणं सात टक्के. पण बारावर सात टक्के वाढवले तर १२.८४ येतात आणि थोडं कमीच पडतं, कारण आटतं ते आणलेलं सगळं कापड, वरचं जादासुद्धा.

रुंदीचं मात्र तसं नाही. गेलेली लांबी जादा कापड घेऊन भरता येते, गेलेला पन्हा भरता येत नाही. ४४ इंचांचा पन्हा या हिशेबाने ४३ वर येतो. शिंप्याने २२ इंचांचे दोन भाग शेजारी-शेजारी बसवायचे ठरवले असतील तर ते आता मावणार नाहीत. एकाखाली एक घ्यावे लागतील आणि बारा मीटरचा अंदाजच कोसळेल. म्हणून शिंप्याला आधी ‘धुतल्यावर पन्हा ४३ राहील’ हे सांगा, मग लांबी विचारा आणि त्या लांबीला वरचा हिशेब लावा. त्यांनी आटण्यासाठी आधीच काही धरलं आहे का, हेही विचारा, नाहीतर तेच दोनदा धरलं जाईल.

सगळं कापड घरी धुतल्यावर पुन्हा मोजा. १३ मीटरचे १२.१ च्या आसपास व्हायला हवेत. १२.४ किंवा १२.५ भरले तर खूश होऊ नका. ओलं कापड दोरीवर स्वतःच्या वजनाने ताणलं गेलं असेल, किंवा अजून आटायचं शिल्लक असेल. आणखी एक पाणी द्या.

मुलींच्या कमीजला अस्तर असेल तर त्याचाही वेगळा तुकडा धुवा. वरचं कापड पॉलिएस्टरचं आणि अस्तर सुती असेल, तर वरचं जवळपास तसंच राहतं आणि अस्तर आखडून घेर आतून वर ओढतं. रेयॉनचा तुकडा दोरीवर टांगू नका. ओला असताना तो लांबतो. सपाट पसरून वाळवा, तरच खरं माप मिळेल.