अपिलाची मुदत गेली, आता 264

मार्च संपत आला की कर सल्लागारांकडे एक ठरावीक प्रकारचा पक्षकार येतो. हातात बँकेचे पत्र असते, खाते गोठवलेले असते आणि तोंडी एकच वाक्य असते: "साहेब, आम्हाला काही आलंच नाही." पोर्टल उघडले की सगळे दिसते. पुनर्निर्धारणाची नोटीस, तीन स्मरणपत्रे, एकतर्फी आदेश आणि मागणी नोटीस. ई-मेलचा पत्ता मात्र चार वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या हिशेबनिसाचा. अपिलाची 30 दिवसांची मुदत केव्हाच उलटलेली.

अशा वेळी बहुतेक सल्लागारांचा हात सवयीने फॉर्म 35 कडे जातो. विलंब माफीचा अर्ज जोडून उशिराचे अपील भरले की आपले काम झाले, अशी समजूत असते. या मासिकाचे मत वेगळे आहे. ते उशिराचे अपील भरण्याआधी आयकर अधिनियम 1961 चे कलम 264 एकदा शांतपणे वाचावे, कारण अपील दाखल झाले की तो दरवाजा बहुधा बंद होतो.

एक नमुना प्रकरण घेऊ. पश्चिम महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याने 2019-20 मध्ये वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा 14 लाखांना विकला. पैसे जिल्हा सहकारी बँकेतील खात्यात बँकेमार्फत आले. दुसऱ्या गावातली जमीन घ्यायची म्हणून त्याने 12 लाख रोख काढले. व्यवहार फिसकटला. दोन महिन्यांनी तीच रोकड त्याने एका राष्ट्रीयीकृत बँकेत भरली. उत्पन्न केवळ शेतीचे असल्याने विवरणपत्र कधी भरलेच नव्हते. 12 लाखांच्या रोख भरण्याची माहिती खात्याकडे गेली, मार्च 2024 मध्ये कलम 148 ची नोटीस निघाली आणि 10 फेब्रुवारी 2025 रोजी कलम 147 व 144 खाली एकतर्फी आदेश झाला. 12 लाख कलम 69अ खाली अस्पष्टीकृत पैसा ठरले. कलम 115बीबीई प्रमाणे 60 टक्के कर 7,20,000, त्यावर 25 टक्के अधिभार 1,80,000, त्यावर 4 टक्के उपकर 36,000. एकूण 9,36,000 रुपये, व्याज वेगळे. पक्षकाराला हे कळले ऑक्टोबर 2025 मध्ये, खाते गोठवल्यावर.

आता दोन्ही वाटा शेजारी ठेवून पाहू. उशिराचे अपील करायचे तर सात महिन्यांच्या विलंबाचे कारण पटवून द्यावे लागेल. त्याहून अवघड गोष्ट कलम 249(4)(ब) मध्ये आहे. ज्याने विवरणपत्रच भरलेले नाही, त्याने देय अग्रिम कराइतकी रक्कम भरल्याशिवाय अपील दाखल करून घेतले जात नाही. सूट मागता येते, पण तीही मागून मिळवावी लागते. शिवाय पासबुके, सातबारा आणि खरेदीखत हा सगळा पुरावा निर्धारण अधिकाऱ्यापुढे आलेलाच नाही, म्हणजे नियम 46अ खाली अतिरिक्त पुराव्याची परवानगी आणखी वेगळी.

264 मध्ये यातले काहीच आडवे येत नाही. कलमाचे शब्द आयुक्तांना अभिलेख मागवण्याचा आणि स्वतः चौकशी करण्याचाही अधिकार देतात. त्यामुळे नवा पुरावा पुढे ठेवायला वेगळी परवानगी लागत नाही. फी 500 रुपये. मुदत एक वर्ष, आणि ती आदेश कळवल्याच्या किंवा अन्य मार्गाने कळल्याच्या तारखेपासून मोजायची. या दोहोंत जी तारीख आधीची, ती धरायची. आपल्या नमुन्यात आदेश पोर्टलवर आणि ई-मेलवर 10 फेब्रुवारी 2025 लाच पोहोचला, असे खाते म्हणणार. ते गृहीत धरले तरी 2025 च्या नोव्हेंबरात केलेला अर्ज मुदतीतच बसतो. ई-मेल हिशेबनिसाकडे गेला, आम्हाला ऑक्टोबरात कळले, हा वाद घालण्याची गरजच उरत नाही. ज्या मुद्द्यावर भांडावे लागत नाही, त्यावर अर्जाची दोन पाने खर्च करू नयेत. वर्षही उलटून गेले असेल तर पुरेसे कारण दाखवून अर्ज दाखल करून घेण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि तेव्हाच ती हिशेबनिसाची कथा कामाला येते.

या तरतुदीत करदात्याच्या बाजूचे आणखी एक संरक्षण आहे. 264 खालचा आदेश करदात्याला बाधक असू शकत नाही. अपिलात कर वाढवण्याची नोटीस येऊ शकते, इथे ती भीती नाही. मात्र हस्तक्षेप करण्यास नकार देणे म्हणजे बाधक आदेश नव्हे, असे स्पष्टीकरण कलमातच आहे. थोडक्यात, अर्ज फेटाळला तर आहे ते आहे तसेच राहते.

दरवाजा बंद होतो तो पोटकलम (4) मुळे. अपिलाची मुदत अजून चालू असेल आणि करदात्याने अपिलाचा हक्क सोडलेला नसेल, तर आयुक्त पुनरीक्षण करू शकत नाहीत. मुदत संपली असेल तर हक्क सोडल्याचे पत्रही लागत नाही. आपल्या नमुन्यात ती मार्च 2025 मध्येच संपली. पण आदेश एकदा आयुक्त (अपील) किंवा न्यायाधिकरणापुढे अपिलाचा विषय झाला की 264 संपले. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये हे कठोरपणे लागू केले. अपिलात न मांडलेला मुद्दा तेवढा पुनरीक्षणात घ्या, ही विनंतीही तिथे चालली नाही. म्हणून 'तोवर एक अपील टाकून ठेवू' ही सवय इथे महागात पडते. अपील भरून मग मागे घेतले तर आदेश 'अपिलाचा विषय' झाला होता की नाही, यावरच पुढची दोन वर्षे जातात.

आदेश अधिकाऱ्याच्या चुकीने नव्हे, करदात्याच्याच चुकीने चुकला असेल तर? अनेक आयुक्त कार्यालये अशा अर्जांना एका ओळीत वाटेला लावतात: तुम्हीच विवरणपत्रात उत्पन्न दाखवले, आता तक्रार कसली? गोएट्झे इंडियाच्या 2006 च्या निकालाचा आधारही दिला जातो. तो निकाल निर्धारण अधिकाऱ्याने सुधारित विवरणपत्राशिवाय नवी मागणी स्वीकारावी का, याबद्दल आहे. आयुक्तांच्या पुनरीक्षणाशी त्याचा संबंध नाही. गुजरात उच्च न्यायालयाने 2005 मध्ये स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेवरील सूट मागायची राहून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या बाजूने निर्णय दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये कलम 143(1) ची सूचनाही 264 साठी 'आदेश'च आहे आणि करदात्याची स्वतःची चूकही इथे दुरुस्त होऊ शकते, असे म्हटले. या सगळ्याच्या मागे तत्कालीन केंद्रीय महसूल मंडळाचे 11 एप्रिल 1955 चे परिपत्रक आहे. करदात्याच्या अज्ञानाचा फायदा अधिकाऱ्यांनी घेऊ नये, असे ते सांगते. सत्तर वर्षांचे परिपत्रक अजून अर्जात जोडावे लागते, यातच काय ते आले.

आता अर्जाकडे. मोठा दोष असतो तो अपिलाच्या भाषेचा. 'नैसर्गिक न्यायाचा भंग', 'यांत्रिक आदेश', 'कायद्याच्या दृष्टीने टिकणारा नाही' असे पंधरा मुद्दे लिहिले जातात आणि पैसे कुठून आले हे कुठेच नसते. आयुक्तांपुढे फाईल येते तेव्हा त्यांना पाहायचे असते ते एवढेच, की कर खरोखर देय होता का. म्हणून पहिल्या परिच्छेदात तारखा आणि अपील केलेले नसल्याचे स्पष्ट निवेदन द्यावे. त्यानंतर थेट व्यवहार मांडावा.

आपल्या नमुन्यात सिद्ध करायच्या गोष्टी दोन आहेत. जमा झालेली रोकड आधी काढलेलीच होती, हे दोन्ही बँकांच्या उताऱ्यांवरून दिसते. दोन महिन्यांच्या अंतराचे कारण, म्हणजे फिसकटलेला व्यवहार, विसारपावती किंवा समोरच्या पक्षाचे प्रतिज्ञापत्र देऊन भरून काढावे. इथे ढिलाई केली तर आयुक्त 'मधल्या काळात ती रक्कम खर्च झाली असावी' असा तर्क करतात. दुसरी गोष्ट, मूळ 14 लाखांवरही कर नव्हता. विकलेली जमीन ग्रामीण शेतजमीन असेल तर ती भांडवली मालमत्ता नाही. नगरपालिकेची लोकसंख्या 10 हजारांवर पण 1 लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून 2 किलोमीटरच्या, 10 लाखांपर्यंत असेल तर 6 आणि त्याहून जास्त असेल तर 8 किलोमीटरच्या पलीकडे ती हवी. अंतर सरळ रेषेत मोजायचे, एसटीच्या रस्त्याने नाही. सातबारा, सूची क्रमांक 2 आणि तहसीलदारांचा अंतराचा दाखला एकत्र जोडावा. दाखल्यात 'हवाई अंतर' हे शब्द आहेत का, ते जोडण्यापूर्वी पाहून घ्यावे.

अर्ज गेल्यावर आयुक्त सहसा निर्धारण अधिकाऱ्याचा अहवाल मागवतात. त्याची प्रत लेखी मागावी आणि तिला उत्तर द्यावे. बरेच अर्ज याच टप्प्यावर पडतात, कारण अहवालात 'करदात्याने सहकार्य केले नाही' एवढेच असते आणि त्याला कोणी उत्तरच देत नाही. आदेश किती दिवसांत व्हायला हवा, हे पोटकलम (6) सांगते. अर्ज केलेले आर्थिक वर्ष संपल्यापासून एक वर्षात, म्हणजे नोव्हेंबर 2025 च्या अर्जावर 31 मार्च 2027 पर्यंत.

या वाटेच्या मर्यादाही सल्लागाराने पक्षकाराला आधीच सांगाव्यात. 264 च्या आदेशाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील नाही. उरते ती उच्च न्यायालयातील रिट याचिका. पुनरीक्षणाचा अधिकार अर्धन्यायिक आहे आणि त्यावर रिट चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्येच सांगितले आहे. पण रिटमध्ये न्यायालय पासबुके तपासत बसत नाही. म्हणून ज्या प्रकरणात तथ्यांवर खोल वाद आहे आणि मतभेदाला खरोखर जागा आहे, तिथे विलंब माफीसह अपीलच बरे. तिथे वर न्यायाधिकरण असते. कागद बोलके असतील आणि चूक उघड असेल, तर 264.

दुसरी मर्यादा वसुलीची. कलम 220(6) मधली सवलत अपील दाखल केलेल्यासाठी आहे. पुनरीक्षणाचा अर्ज तिच्या शब्दांत बसत नाही. त्यामुळे अर्ज दिला म्हणून खाते मोकळे होईल, असे पक्षकाराला सांगू नये. हप्ते किंवा मुदतवाढ वेगळ्या अर्जाने मागावी आणि त्याची प्रत प्रधान आयुक्तांच्या कार्यालयातही द्यावी.

दंडाचे आदेशही विसरू नयेत. आपल्या शेतकऱ्याला कलम 271एएसी खाली 72,000 रुपयांचा आणि नोटिसांना उत्तर न दिल्याबद्दल कलम 272अ खाली दंड लागला असेल, तर ते स्वतंत्र आदेश आहेत. प्रत्येकाची तारीख वेगळी, वर्ष वेगळे मोजायचे, 500 रुपये वेगळे भरायचे आणि अर्जही वेगळा. 1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम 2025 लागू झाला असला, तरी आधीच्या वर्षांच्या अशा आदेशांना 1961 चाच कायदा लागू राहतो. कलमांचे आकडे बदलण्याच्या घाईत जुन्या आदेशावर नव्या कायद्याखाली अर्ज करू नये.